कोटेशन तपासताना आधी विचारा: हे टक्के नेमके कशाचे?

आमच्या घरच्या चौघांच्या आरोग्य विम्याचं कोटेशन आलं, तेव्हा तळाला रक्कम होती 45,920. मी तोच हिशेब पाठकोऱ्या कागदावर केला तर 45,360 आले. फरक 560 चा. एजंटला फोन केला, तर म्हणाला, “मॅडम, सिस्टीमचा आकडा आहे, चुकणार नाही.” आकडेमोडीत खरंच कुठे चूक नव्हती, सगळे गुणाकार बरोबर होते. चुकलं होतं ते एवढंच, की टक्के भलत्याच रकमेवर लावले होते.

पहिल्यांदाच कोटेशन तपासणाऱ्यांसाठी तोच हिशेब इथे पायरी पायरीने मांडते. आकडे तोंडी हिशेबाला सोपे पडावेत असे घेतले आहेत. चलन कुठलंही धरा. कराचा दरही 12 टक्के मानलेला आहे. तुमच्याकडे जो असेल तो घाला.

आधी एक गैरसमज काढून टाकू

“क्रम चुकला म्हणून हप्ता वाढला” असं आपण सहज म्हणून जातो, पण नुसत्या क्रमाने काहीच बिघडत नाही. एकच माणूस घ्या. मूळ हप्ता 10,000, वयाचं लोडिंग, म्हणजे वयामुळे हप्त्यात होणारी वाढ, 25 टक्के, सवलत 10 टक्के, कर 12 टक्के. आधी लोडिंग लावलं तर 12,500, मग सवलत देऊन 11,250, मग कर धरून 12,600. आता उलट करून बघा. आधी सवलत, 9,000. मग कर, 10,080. सगळ्यात शेवटी लोडिंग, पुन्हा 12,600. गुणाकार कुठूनही सुरू केला तरी उत्तर तेच येतं.

मग बिघडतं कधी? प्रत्येक टक्का आदल्या पायरीच्या पूर्ण रकमेवर लागत नसेल तेव्हा. घरातल्या एकालाच लोडिंग आहे आणि सवलत मात्र सगळ्यांना आहे. किंवा सवलत मूळ हप्त्यावर मोजली आणि लोडिंग तिच्या तावडीतून सुटलं. किंवा कर सवलतीच्या आधीच्या रकमेवर काढून ठेवला आणि नंतर सवलत दिली तरी तो खाली आणलाच नाही. क्रम चुकल्यासारखं दिसतं ते अशा ठिकाणी, पण बदललेली असते ती ज्याचे टक्के काढायचे ती रक्कम. म्हणून कोटेशन हातात घेतलं की “आधी काय लावलं?” हे विचारण्यात अर्थ नाही. “हे टक्के कशाचे?” हे विचारा, आणि तिन्ही ओळींसाठी वेगवेगळं विचारा.

पायरी पहिली: फोड मागून घ्या

एकूण रक्कम आणि त्याखाली “सर्व सवलतींसह” असं लिहिलेलं कोटेशन तपासताच येत नाही. प्रत्येक माणसाचा मूळ हप्ता, लोडिंगची रक्कम, सवलतीची रक्कम, करपात्र रक्कम आणि कर, अशी फोड हवी. बहुतेक एजंट तिला ‘प्रीमियम ब्रेकअप’ म्हणतात, त्याच नावाने मागा. सोबत पॉलिसीच्या माहितीपत्रकातलं किंवा अटींमधलं ते वाक्य हवं, ज्यात लोडिंग आणि सवलत कशावर मोजायची हे लिहिलेलं असतं. हे वाक्य सगळ्यात महत्त्वाचं, आणि फोटो काढून पाठवताना नेमकं तेच पान राहून जातं.

फोड आली की आकड्यांत शिरण्याआधी वयाकडे बघा. विमा सुरू होण्याच्या दिवशी पूर्ण झालेलं वय धरलं आहे, की पुढच्या वाढदिवसाचं? दोन्ही पद्धती प्रचारात आहेत आणि वयोगटाच्या सीमेवर असलेल्या माणसाला त्यामुळे एक पायरी वरचा दर लागू शकतो. त्याहून नाजूक गोष्ट म्हणजे दरपत्रक स्वतःच वयानुसार असतं. 61 ते 65 या गटाचा मूळ हप्ता 46 ते 50 पेक्षा आधीच चढा असतो. त्यावर पुन्हा वयाचं लोडिंग लागत असेल, तर ते अटींमध्ये वेगळं लिहिलेलं असायला हवं, उदाहरणार्थ अमुक वयानंतर पहिल्यांदाच विमा घेणाऱ्यांसाठी. तसं काही लिहिलेलं सापडलं नाही, तर एकाच वयाचे पैसे दोनदा लागले आहेत का, हा प्रश्न पुढच्या सगळ्या हिशेबाच्या आधी सोडवा. वैद्यकीय तपासणीनंतर तब्येतीमुळे लागणारं लोडिंग वेगळं असतं. ते या ओळीत मिसळलेलं असेल तर वेगळं काढून मागा.

पायरी दुसरी: आपला हिशेब आपण करा

आमच्या कोटेशनमधले मूळ हप्ते असे होते: आई, वय 62, 20,000. मी 8,000. नवरा 7,000. मुलगी 5,000. बेरीज 40,000. लोडिंग 25 टक्के, फक्त आईला. कौटुंबिक सवलत 10 टक्के. अटींमधलं वाक्य साधारण असं होतं: सवलत ही लोडिंगसह येणाऱ्या एकूण हप्त्यावर, कर सवलतीनंतरच्या रकमेवर.

आईच्या 20,000 चे 25 टक्के म्हणजे 5,000. बेरीज 45,000. त्याचे 10 टक्के 4,500, ते वजा करून 40,500. त्यावर 12 टक्के कर 4,860. एकूण 45,360.

हेच स्प्रेडशीटमध्ये घालून ठेवलंत तर नूतनीकरणाच्या वेळी फक्त वरचे दोन आकडे बदलावे लागतात. B1 मध्ये मूळ हप्त्यांची बेरीज, B2 मध्ये लोडिंग:

```
B1   40000
B2   5000
B3   =(B1+B2)*10%
B4   =B1+B2-B3
B5   =B4*12%
B6   =B4+B5
```

B3 सवलत, B4 करपात्र रक्कम, B5 कर, B6 शेवटचा आकडा. B2 मध्ये टक्के घातले नाहीत, सरळ रक्कम घातली, ते मुद्दाम. टक्के घातले की ते सगळ्या बेरजेला लावायचा मोह सूत्राला आणि माणसाला दोघांनाही होतो.

पायरी तिसरी: तीन भागाकार

ही पायरी खरी कामाची. कोटेशनमधली प्रत्येक रक्कम तिच्या टक्क्याने भागा. ती रक्कम कशावर मोजली होती, ते लगेच उघड होतं. एजंटला न विचारताही.

लोडिंगची रक्कम भागिले 0.25. सवलतीची रक्कम भागिले 0.10. कराची रक्कम भागिले 0.12.

आमच्या कोटेशनमध्ये लोडिंग 5,000 होतं. भागाकार 20,000. आईचा मूळ हप्ता तेवढाच, म्हणजे ही ओळ ठीक. सवलत 4,000 होती. भागाकार 40,000. इथे माशी शिंकली होती. लोडिंगसह हप्ता 45,000 असताना सवलत 40,000 वर, म्हणजे नुसत्या मूळ हप्त्यांवर मोजलेली. कर 4,920. भागाकार 41,000. सवलत वजा करून आणि लोडिंग धरून त्यांची रक्कम 41,000 च होती, म्हणजे कराची ओळ स्वतःपुरती बरोबर, फक्त वरची चूक तिच्यात वाहून आली. सवलत 500 ने कमी मिळाली आणि त्या 500 वर 60 कर लागला. झाले 560.

तीन भागाकारांतून जे आकडे येतात ते अटींतल्या वाक्याशी ताडून बघायचे, एवढीच सगळी तपासणी. मनाने “असं असायला हवं” म्हणून भांडायला जाऊ नका. अटींमध्ये “सवलत मूळ हप्त्यावर” असंच लिहिलेलं असतं, तर 45,920 हाच बरोबर आकडा ठरला असता आणि माझा चुकीचा.

ही शक्यता पुस्तकी नाही. ऑस्ट्रेलियात खासगी हॉस्पिटल विमा उशिरा घेणाऱ्याला वयाच्या तिशीनंतरच्या प्रत्येक वर्षामागे 2 टक्के लोडिंग लागतं, जास्तीत जास्त 70 टक्के. तिथलं सरकार हप्त्यावर जी सवलत देतं, ती 1 जुलै 2013 पासून या लोडिंगच्या भागावर मिळत नाही. म्हणजे सवलत लोडिंगला न शिवणं हा तिथे नियमच आहे. तिथे जोडप्याने एकत्र विमा घेतला तर दोघांच्या लोडिंगची सरासरी लावतात, तीही नियमानेच. हेच आकडे दुसऱ्या नियमाखालच्या कोटेशनमध्ये दिसले असते तर आपण चूक म्हणून बोट ठेवलं असतं.

कुठली चूक कशी दिसते

कर सवलतीच्या आधी काढला असेल, तर आमच्या उदाहरणात कर 5,400 दिसेल. त्याला 0.12 ने भागलं की 45,000 येतात, पण करपात्र रकमेच्या ओळीत 40,500 लिहिलेलं असतं. दोन आकडे एकाच कागदावर एकमेकांना खोटं पाडतात. एकूण होतं 45,900, म्हणजे 540 जास्त. यात एक फट आहे. सवलत विम्याच्या हप्त्यात दिलेली नसून पैसे भरल्यावर वेगळी परत मिळणार असेल, तर कर पूर्ण रकमेवर लागणं बरोबरही असू शकतं. म्हणून सवलत हप्त्यातच आहे ना, ते आधी बघा.

लोडिंग सगळ्या घराला लागलं असेल, तर 40,000 चे 25 टक्के म्हणजे 10,000 दिसतील. तिथून सवलत 5,000, करपात्र 45,000, कर 5,400, एकूण 50,400. फरक 5,040 चा, म्हणजे बाकीच्या चुकांच्या सुमारे नऊपट. वेळ फार नसेल तर निदान लोडिंगची ओळ तरी भागून बघा. मात्र फ्लोटर पॉलिसीत हा नियम उलटा पडू शकतो. तिथे सगळ्या घराला मिळून एकच विमा रक्कम असते, हप्ता बहुधा सगळ्यात मोठ्या माणसाच्या वयावर ठरतो आणि तो माणसागणिक फोडलेला नसतो. अशा हप्त्यावर लोडिंग पूर्ण रकमेला लागलं तर त्यात वावगं काही नसेलही. फ्लोटरवर शिवाय वेगळी कौटुंबिक सवलत दाखवली असेल तर ती कुठल्या अटीखाली, तेही विचारा, कारण सगळे एकत्र असण्याचा फायदा बहुधा मूळ दरातच धरलेला असतो.

टक्क्यांची बेरीज ही तिसरी चूक, आणि ही ओळखायला अवघड. कुणीतरी म्हणतं, आईला 25 वाढ आणि 10 घट, म्हणजे 15 वाढ. 20,000 चे 23,000. बाकीच्या तिघांचे 20,000 चे 18,000. बेरीज 41,000. आकडा ओळखीचा वाटला ना? सवलत मूळ हप्त्यावर मोजली की जे येतं तेच हे. टक्के बेरजेत धरणं आणि सवलत लोडिंगला न लावणं, या दोन वेगळ्या दिसणाऱ्या गोष्टी हिशेबात एकच आहेत. 25 टक्के वाढवून त्यावर 10 टक्के घटवलं की 12.5 टक्केच वाढ उरते, आणि त्या अडीच टक्क्यांत आईच्या हप्त्याचे 500 लपलेले असतात.

जवळचा आकडा म्हणजे बरोबर आकडा नव्हे

आता असं कोटेशन समजा: मूळ बेरीज 40,000, सवलत 4,000, कर 4,320, आणि कर लावून झाल्यावर “वयाचे अतिरिक्त” 5,000. एकूण 45,320. बरोबर आकडा 45,360. चाळीसच कमी, तेही आपल्या बाजूने! बहुतेक माणसं इथे कागद मिटतील.

पण यात दोन चुका आहेत. लोडिंगला सवलत मिळाली नाही, म्हणून 500 जास्त. आणि लोडिंगवर कर लागलाच नाही, म्हणून 5,000 च्या मागे 600 कमी. सवलत नीट मिळाली असती तर त्या 500 वर कर नसताच लागला, म्हणजे त्या बाजूचे 60 पकडून पहिली चूक 560 ची आणि दुसरी 600 ची. दोघी एकमेकींना खाऊन 40 उरले. पॉलिसी देताना खऱ्या प्रणालीत आकडे घातले गेले की रक्कम बदलते आणि भरलेले पैसे कमी पडले म्हणून काम अडतं. कराचा किंवा सवलतीचा टक्का थोडा जरी बदलला, तरी हे दोन फरक असे जुळत नाहीत. म्हणून शेवटचा आकडा जुळला तरी तीन भागाकार करायचेच. कर 4,320 भागिले 0.12 म्हणजे 36,000. लोडिंग त्या रकमेत नाही हे लगेच दिसतं.

पूर्णांकाचा फरक

प्रत्यक्षातले हप्ते 20,000 सारखे गुळगुळीत नसतात. प्रत्येक माणसाच्या ओळीत रक्कम पूर्णांकात आणली आणि तुम्ही ती शेवटी एकदाच आणली, तर थोडा फरक येणारच. जवळच्या पूर्णांकात आणताना एका वेळी जास्तीत जास्त अर्ध्याचा फरक पडतो. चार माणसं आणि तीन पायऱ्या असतील तर बारा वेळा, म्हणजे सगळं एकाच बाजूला झुकलं तरी सहाच्या आसपास. फरक त्याच्या आत असेल तर सोडून द्या. तीस, चाळीस, पाचशे हे पूर्णांकाने होत नाही, कुणी कितीही ठासून सांगितलं तरी.

ठराविक रकमेची सवलत मात्र वेगळी तपासा. 1,000 ची सवलत कराच्या आधी दिली तर 1,120 वाचतात, कर लावून झाल्यावर दिली तर 1,000 च. इथे टक्का नसल्याने भागाकार चालत नाही. करपात्र रक्कम ती सवलत धरून आहे की सोडून, एवढंच बघायचं.

विचारायचं कसं

“तुमचा हिशेब चुकला आहे” असं लिहिलं की उत्तर येतं “सिस्टीम जनरेटेड आहे.” त्यापेक्षा आकडा आणि अट शेजारी शेजारी ठेवा. मी लिहिलं होतं ते जवळजवळ असं:

“कोटेशनमध्ये कौटुंबिक सवलत 4,000 दाखवली आहे, ती 40,000 या मूळ हप्त्याच्या 10 टक्के येते. अटींमध्ये सवलत लोडिंगसह एकूण हप्त्यावर लिहिली आहे, तो 45,000 आहे. त्यानुसार सवलत 4,500, करपात्र रक्कम 40,500, कर 4,860 आणि एकूण 45,360 येते. सवलत मूळ हप्त्यावर मोजण्याची वेगळी अट असल्यास ती कळवावी.”

शेवटचं वाक्य गाळू नका. चूक आपलीही असू शकते आणि समोरच्याला उत्तर द्यायला वाट मिळते. उत्तर लेखी घ्या आणि पैसे सुधारित कोटेशन आल्यावरच भरा. जास्त भरलेला हप्ता परत मिळवण्यापेक्षा भरण्याआधी थांबणं कितीतरी सोपं.

दोन दिवसांनी एजंटचा फोन आला. ज्याला तो सिस्टीम म्हणत होता ती त्याची स्वतःचीच शीट निघाली, जुन्या एका प्लॅनसाठी बनवलेली. त्या प्लॅनमध्ये लोडिंग नव्हतंच, म्हणून सवलतीचा रकाना मूळ बेरजेला जोडलेला होता. नंतर कधीतरी त्याने शेजारी लोडिंगचा रकाना घुसवला आणि सवलतीचं सूत्र तसंच राहिलं. कंपनीच्या कॅल्क्युलेटरवर आकडे घालून बघितले तर 45,360 च आले. तसं नवं कोटेशन त्याने पाठवलं, आणि जरा घुटमळून विचारलं, “मॅडम, हीच शीट मी आणखी चार-पाच घरांना पाठवलीये. नक्की कुठे बदल करायचा?”

मी म्हटलं, सवलतीचा रकाना लोडिंगच्या नंतर न्या आणि सूत्रात मूळ बेरजेच्या जागी लोडिंगसह बेरीज घाला. आणि त्या घरांपैकी ज्यांच्याकडे कुणालाच लोडिंग नाही, त्यांना फोन करायची गरज नाही, त्यांचा आकडा बरोबरच आहे.